पृथ्वीराजचा पॅच

शिवाजी पेठेत माणसं इतक्या मोठ्यानं बोलतात, की मोबाईल हे यंत्र तिथं खपायलाच नको होतं. तरीही तालमीच्या कोपऱ्यावरचं सयाजीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान कैक वर्षं तग धरून होतं. त्याच्या लॅपटॉपबद्दल तर असं सांगत, की बटण दाबून सयाजी रंकाळ्याला फेरी मारून यायचा, वाटेत चहा प्यायचा, कुणाचं मयत निघालं असेल तर खांदाही देऊन यायचा, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. यातलं किती खरं मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण त्याच लॅपटॉपवर त्यानं 'पाणी चढलं' हे ॲप लिहिलं होतं, आणि ते मात्र अगदी खरं.

ॲप साधं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात रोज जाहीर होतं. पण अमुक फूट म्हणजे माझ्या दारात काय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. सयाजीचं ॲप नेमकं तेवढंच सांगायचं. चिखलीचा रस्ता कधी बंद होणार, आंबेवाडीत जनावरांची दावी कधी सोडायची, खालच्या बोळांत पाणी कधी शिरणार. गावोगावच्या माणसांना विचारून विचारून त्यानं ते जमवलं होतं.

आणि जमवलेलं सगळं त्यानं उघडं ठेवलं. ॲपच्या पोटातला मजकूर, ज्याला सोर्स किंवा कोड म्हणतात, तो गिटहब या इंटरनेटवरच्या सगळ्यांना दिसणाऱ्या जागी टाकला आणि वर जीपीएल नावाचा परवाना लावला. परवान्याचा अर्थ त्यानं बायकोला, मोनाला, असा सांगितला होता: "हे कुणीही न्यावं, उघडून बघावं, बदलावं, वाटावं. फक्त बदलून वाटलंस तर तुझा बदलपण ह्याच अटीवर उघडा ठेवायचा. दडवायचा न्हाय."

"म्हणजे फुकट," मोना म्हणाली.

"फुकट न्हवं. मोकळं."

"आपल्या घरात त्या दोन्हीचा अर्थ एकच होतो," मोना म्हणाली आणि शाळेच्या वह्या तपासायला बसली.

उघडं ठेवलं की बाहेरची माणसं येतात. कुणी चूक दाखवतं, कुणी शिव्या घालतं, आणि एखादा खरोखर काम करून आणतो. त्यानं केलेला बदल म्हणजे पॅच. 'हा घ्या' म्हणून तो दारात ठेवतो. मालकानं तो वाचायचा, तपासायचा, हवे ते प्रश्न विचारायचे, पटला तर आत घ्यायचा. सयाजीची पंचाईत इथंच होती. कोल्हापूरकडचं वळण असं, की पावणं आलं की त्याच्या हातातली पिशवी आधी घ्यायची, मग पाणी द्यायचं. पिशवीत काय आहे हे विचारायचं नसतं. सयाजी पॅचही तसेच घ्यायचा. वरवर चाळायचा, आभार मानायचा, आत. कुणाकडून कागद नाही, कबुली नाही. आलेल्या माणसाकडून सही मागायची, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

असे सहा पावणे झाले. त्यात पन्हाळ्याच्या कचेरीत काम करणारी क्रांती होती. ती पॅचपेक्षा टोमणे जास्त पाठवायची. आणि पृथ्वीराज नावाचा एकजण होता. त्यानं दोनच पॅच पाठवले.

पहिला पॅच म्हणजे सोनं होतं. पुरात आधी वीज जाते, मग इंटरनेट जातं, आणि नेमकं तेव्हाच ॲप मुकं व्हायचं. पृथ्वीराजनं त्यात एक बटण घातलं: 'नेट नाही'. ते दाबलं की फोनवरून साधा एसएमएस एका नंबरवर जायचा आणि थोड्या वेळात त्या नंबरवरून उत्तर यायचं, पाणी किती फुटांवर, तुझा रस्ता चालू की बंद. नंबर कोडमध्येच लिहिलेला होता. तो कुणाचा, पलीकडे काय बसवलंय, हे सयाजीनं विचारलं नाही. पिशवी घेतली. त्या पावसाळ्यात आणि पुढच्याही, चिखलीतली माणसं त्या बटणावर जगली म्हटलं तरी चालेल.

दुसरा पॅच नंतर आला. सयाजी तेव्हा दमला होता. पावसाळाभर घरात असून नसल्यासारखा. ॲपवर कुणीतरी एक तारा देऊन लिहिलेलं, 'भिकार, बॅटरी खातंय.' पृथ्वीराजचा पॅच दारात पडून राहिला. खूप उशिरानं सयाजीनं त्यावर लिहिलं, 'भावा, भारी. पण ह्याला चाचण्या जोड की. मग घेतो.' चाचण्या म्हणजे केलेला बदल नीट चालतो की नाही, हे आपोआप तपासणारा कोड. उत्तर आलं नाही. सयाजीनं कुठूनतरी उचलून एक आपोआप चालणारा प्रोग्रॅम बसवला होता, झाडूवालाच तो. बराच काळ हालचाल नसलेलं सगळं तो बंद करून टाकायचा. त्यानं एक दिवस तोही पॅच बंद केला: 'प्रतिसाद नाही.'

*

विश्वजित पुण्याहून आला तो एका कंपनीचा मालक होऊन आला. शाळेत तो सयाजीच्या मागच्या बाकावर बसायचा आणि त्याच्या पाठीवर पेनानं नकाशे काढायचा. दुकानात आला आणि काउंटरवर कोपरं टेकून सरळ बोलला.

"ॲप मला दे. तूबी ये. पक्की नोकरी. पावसात रात्रभर जागायला मी वेगळी माणसं ठेवतो, तू झोप."

सयाजीला झोप या शब्दानंच भुरळ पडली.

"पण उघडं न्हाय ठेवायचं," विश्वजित पुढं म्हणाला. "जुनं जे बाहेर गेलंय ते परत घेता येत न्हाय, मला म्हाईत हाय. राहू दे. ते सांभाळणार कोण? तू माझ्याकडं असल्यावर ते दोन पावसाळ्यांत कुजतंय. नवं सगळं आपलं, बंद."

"मग माझं काय लागतंय? हो म्हटलं की झालं."

"तुझ्या एकट्याचं असतं तर झालं असतं. वकिलाला दाखवलं मी. बाहेरच्यांचे पॅच घेतलास न्हवं? ज्यानं जे लिहिलं त्याचा हक्क त्याचाच राहतो. त्यांनी ते तुला जीपीएलवर दिलंय, बंद करून विकायला दिलेलं न्हाय. प्रत्येकाची लेखी परवानगी आण, न्हायतर त्याचं काढून टाक आणि स्वतः नव्यानं लिही."

सयाजीनं पाच जणांना पत्रं पाठवली. पाचही हो म्हणाले. क्रांतीनं लिहिलं, 'हो. तुमची तब्येत बघून हो म्हणते, अक्कल बघून नाही.' सहावा पृथ्वीराज. त्याच्या पत्त्यावर गेलेल्या मेलला उत्तर नाही. कोडमधल्या नंबरवर फोन केला तर वाजून वाजून बंद. कुठल्यातरी विकत घेतलेल्या सेवेचा नंबर असणार, अशी सयाजीनं समजूत करून घेतली.

"त्याचं काढून टाक की मग," विश्वजित फोनवर म्हणाला. "एसएमएसच ना? त्यातनं तसंबी काय मिळत न्हाय."

"तेच काढलं तर राहतंय काय? पुरात तेवढंच चालतं."

"मग गाठ त्याला."

गिटहबवर पृथ्वीराजच्या पानावर गावाचं नाव होतं, जोतिबा.

*

रविवार टाळून, परवानगीचा कागद खिशात घालून सयाजी डोंगरावर गेला. रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. आणि जोतिबाच्या डोंगरावर गुलाल असा, की पांढरं मांजर तिथं जन्मालाच येत नाही म्हणतात. आलं तर तिसऱ्या दिवशी गुलाबी. दगड गुलाबी, पायऱ्या गुलाबी, नोटा गुलाबी. वाहनतळावर एका दुकानदाराला विचारलं, "पृथ्वीराज कुठं राहतो? कम्प्युटरवाला."

दुकानदारानं हातातला नारळ खाली ठेवला. "तुम्ही कोण?"

"दोस्त." दुसरा शब्द सयाजीला सुचला नाही.

दुकानदारानं हात करून दाखवलं. पायऱ्यांच्या कडेला एक छोटं दुकान. पुढं गुलालाचे ढीग, खोबऱ्याच्या वाट्या, दवण्याच्या जुड्या. मागं एक बाई बसलेल्या, कपाळ मोकळं, हात कोपरापर्यंत रंगलेले. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एका पोराचा फोटो होता, चष्मा लावलेला, हसणारा. फोटोला हार होता, आणि हारावरसुद्धा गुलालाची साय.

सयाजी तिथंच थांबला.

"या पावणं," बाई म्हणाल्या. "खोबरं दिऊ?"

"मी... पृथ्वीराजकडं आलतो."

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग गोणपाट झटकून बाजूला सरकवलं. "बसा. लांबनं आलाय. त्याला जाऊन दुसरी दिवाळी येतीया आता. घाटातल्या वळणावर. पाऊस हुता, गाडी घसरली." हे त्या अशा सांगत होत्या, जसं रोज कुणीतरी विचारतं आणि रोज सांगायचं असतं. "मी चिमणाबाई. त्याची आई. तुम्हास्नी कळलं न्हाय व्हय?"

"न्हाय," सयाजी म्हणाला.

त्यानं मनात महिने जुळवले. दुसरा पॅच आला तेव्हा पोरगा होता. सयाजीनं उत्तर द्यायला वेळ लावला तेव्हा गेला. 'भावा, चाचण्या जोड की,' हे त्यानं ज्याला लिहिलं, तो तेव्हा नव्हताच. आणि मग झाडूवाल्यानं दारावर पाटी लावली: प्रतिसाद नाही.

"फोन करून येतो मावशी," म्हणून तो उठला आणि तटाच्या कठड्याला जाऊन टेकला. खाली वाडी रत्नागिरीचे उतार, लांब पंचगंगेची रेघ.

विश्वजितनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. तो काही दगड नव्हता. "वाईट झालं लेका," तो म्हणाला. मग घसा खाकरून, "लग्न झालतं काय त्याचं?"

"न्हाय."

"मृत्युपत्र वगैरे काय नसणारच. मग वारस आई. कायद्यानं तिचंच सगळं. माणूस गेल्यावरबी हा हक्क साठ वर्षं जिवंत असतो. कागदावर तिची सही चालतीया."

"विश्वा, तिच्या डोक्यावर हार घातलेला फोटो हाय."

"मला कळतंय. पण तू आजच तिथं हायस. उद्या तुझं धाडस हुणार न्हाय."

हे खरं होतं. सयाजी परत आला.

*

चिमणाबाईंनी तोवर शेजारून चहा मागवला होता. बशीला गुलाबी बोटं उमटली होती.

सयाजीनं सगळं सांगायचं ठरवलं, आणि सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, कारण त्या बाईसमोर घेता येत नव्हती. तुमच्या पोरानं माझ्या ॲपात काम केलं. ते मी सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं. आता एका कंपनीला द्यायचंय, ते बंद करणार. पोराचं लिहिलेलं त्याचं होतं, ते आता तुमचं. तुमची परवानगी लागते.

"माझं?" चिमणाबाई म्हणाल्या. "मला तर त्यातलं कायबी कळत न्हाय."

"कळायला लागत न्हाय मावशी. आईचं म्हणून तुमचं."

"काय लिहिलतं त्यानं? दिवसभर ठोकत बसायचा खरं. मी म्हणायची, नारळ तरी फोड, हाताला चळ हाय तर."

सयाजीनं लॅपटॉप आणला नव्हता, पण फोनवर दाखवता आलं. कोडची पानं. प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला, ती कुणी लिहिली त्याचं नाव. पृथ्वीराज. पृथ्वीराज. पृथ्वीराज. चिमणाबाईंना वाचता येत होतं. त्यांनी नावावर बोट टेकवलं, पडदा रंगला.

"एवढ्यांदा कशाला लिहिलंय नाव?"

"प्रत्येक ओळीची नोंद राहते. कुणी आणली ती."

"आणि ती बंद केल्यावर?"

सयाजीला खोटं बोलता आलं असतं. "बंद केल्यावर बाहेरच्या कुणाला दिसणार न्हाय. कंपनीतल्यांना दिसंल."

"व्हय," त्या म्हणाल्या. एवढंच. पुढं एक जोडपं गुलाल घ्यायला आलं. त्यांना पुडी बांधून दिली, 'चांगभलं' म्हणाल्या, आणि पुन्हा वळल्या. "मग ते काम करतं कसं? दावा की."

दाखवायचं तर सोपं होतं. सयाजीनं ॲप उघडलं. चिखली निवडलं. 'नेट नाही' दाबलं. "हे बघा. आता हा निरोप गेला. जिथं कुठं ते यंत्र असंल तिथं..."

टिंग.

दुकानातच वाजलं. फोटोच्या खाली, अगरबत्तीच्या डब्याशेजारी, फळीवर एक जुना फोन उभा केला होता. काच तडकलेली, मागं रबर बांधलेला, चार्जरची वायर बोर्डापर्यंत गेलेली. त्याचा पडदा उजळला, काहीतरी सरकलं, आणि विझला.

सयाजीच्या हातातला फोन थरथरला. 'राजाराम बंधारा १३ फूट. चिखली रस्ता चालू.'

तो हातातल्या फोनकडं आणि फळीवरच्या फोनकडं आळीपाळीनं बघत राहिला.

"त्यो का?" चिमणाबाई फळीकडं बघत म्हणाल्या. "त्यो वाजतोय अधनंमधनं. उन्हाळ्यात गप असतो. पाऊस लागला की रात्रभर टिंग टिंग, टिंग टिंग. आमच्या शेजारणी म्हणत्यात, काढून टाक गं बाई, जीव घाबरा हुतो. पर पोरगा सांगून गेलाय, आई, पावसात ह्यो फोन बंद पडू द्यायचा न्हाय. लाईट गेली तर त्या मोठ्या बॅटरीला लावायचा. आणि ह्याच्यावर बोलायचं नसतं, वाजला तर वाजू दे. मागच्या आठवड्यात कुणीतरी सारखंच करत हुतं."

"मीच हुतो."

"तुम्ही व्हय! मी म्हटलं कोण मेलं हात धुवून मागं लागलंय." त्या पहिल्यांदा हसल्या. मग हसू जिरलं. "कशासाठी हाय ते सांगितलं न्हाय त्यानं नीट. म्हणायचा, फोन आपला हाय, पर त्यातलं लोकांचं हाय. मी रिचार्ज करती, पुसती, ठिवती. रात्रीचा वाजला की उठून बसती. वाटतं, कोण हाक मारतंय त्याला."

सयाजीनं दोन पावसाळे ज्या नंबरवर गावंच्या गावं टांगली होती, तो नंबर म्हणजे हे. सेवा नाही, कंपनी नाही. अगरबत्तीच्या डब्याशेजारचा तडकलेला फोन, आणि तो चार्जिंगला लावणारी आई. डोंगरावर पाणी येत नाही, टॉवर जवळ आहे, म्हणून पोरानं इथं ठेवला असणार. डोकं होतं पोराला. आणि घेणाऱ्यानं एकदाही विचारलं नव्हतं, हा नंबर कुणाचा.

"मावशी, तुम्हाला म्हाईत हाय का, हाका कुणाच्या असतात?" आणि मग त्यानं सांगितलं. चिखलीची, आंबेवाडीची, बोळांतली. गोठ्यात पाणी आल्यावर अंधारात फोन हातात घेऊन उभी असलेली माणसं. रस्ता चालू का बंद, हे विचारणारी. आणि इथनं त्यांना उत्तर जातं.

चिमणाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडल्या नाहीत, निदान आवाज झाला नाही. गुलाल मात्र पदराला, गालाला, सगळीकडं झाला. मग पदर खाली करून त्या म्हणाल्या, "आणा तुमचा कागद."

"मावशी, घाई न्हाय."

"आणा म्हणती न्हवं. त्याच्या नावानं तुम्ही डोंगर चढून आलाय. त्याच्या दोस्ताला रिकामं धाडू व्हय मी? कंपनीची माणसं शिकलेली असत्याली, माझ्यापरीस चांगलं सांभाळत्याली." त्यांनी कागद मांडीवर घेतला, पेन मागितलं आणि एकेक अक्षर थांबून थांबून सही केली. शेजारी अंगठ्याचा गुलाबी ठसा आपोआपच पडला.

ती परवानगी होती. पक्की. पुण्याची नोकरी, रात्रीची झोप, सगळं त्या कागदावर.

चिमणाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "मग आता कंपनीचंच यंत्र असंल. ह्या फोनचं काम संपलं म्हणायचं." त्यांनी फळीकडं हात नेला. चार्जरची पिन दोन बोटांत धरली. पण ओढली नाही लगेच. अंगठा तिच्यावरून फिरवला, जसा झोपलेल्या पोराच्या कानशिलावरनं फिरवतात. "दमला असंल तोबी," त्या म्हणाल्या.

"नको मावशी!"

सयाजी केव्हा उठला आणि त्यांचं मनगट केव्हा धरलं, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. वयानं मोठ्या बाईचा हात धरला म्हणून तो लगेच सोडलाही. "नगा काढू. राहू दे."

"अवं पर सही..."

"सही मला नको. दुसरंच विचारायचं हाय. ते मी आधीच विचारायला पायजे हुतं." त्याचा आवाज पेठेतल्या माणसाचा राहिला नव्हता. "हा तुमच्या घरातला फोन. त्याचा नंबर माझ्या ॲपात हाय, सगळ्या जगाला दिसतो. मी तुम्हाला कधी विचारलं न्हाय. राहू द्यायचा का? न्हाय म्हणालात तर आज काढतो आणि माझा घालतो. रात्रीच्या रात्री वाजतो तो, तुम्ही का म्हणून उठून बसायचं?"

चिमणाबाईंनी पिन सोडली. फोन जरा सरळ केला, फोटोच्या बरोबर खाली.

"मग मी रात्री काय करू?" त्या म्हणाल्या. "राहू दे. पर एकट्यावर किती टाकायचं? त्योबी म्हणायचा, आणखी फोन पायजेत आई, दिवसाला शंभर निरोप गेले की सिमवाली कंपनी थांबवती. म्हणायचा, दिलंय लिहून, सर घेतील आत, मग लई फोन लावता येत्याल."

सर म्हणजे सयाजी. दिलंय लिहून म्हणजे दुसरा पॅच. तोच, जो झाडूवाल्यानं झाडून टाकला होता.

"घेतो," सयाजी म्हणाला. "घेतो मी आत."

निघताना त्यानं पायावर डोकं ठेवलं. चिमणाबाईंनी इकडंतिकडं बघितलं, हाताशी दुसरा कागद नव्हता. सहीचाच कागद उचलला, त्यात गुलाल आणि खोबऱ्याची वाटी ठेवली, चारी बाजूंनी दुमडून पुडी बांधली. "घरी न्या. देवाचं हाय."

*

मोनानं पुडी उघडली, गुलाल देव्हाऱ्यात ठेवला आणि कागद सपाट करून वाचला. दोनदा वाचला.

"ही सही कुणाची?"

सयाजीनं सांगितलं. मोना ऐकत गेली आणि मध्ये एकही टोमणा मारला नाही, यावरूनच काय ते समजायचं. शेवटी म्हणाली, "म्हणजे पुण्याला जायचं न्हाय."

"न्हाय."

"आणि तू परत पावसाळाभर भुतासारखा."

"एकटा न्हाय आता. क्रांतीला ॲपची किल्ली देतोय. तीपण आत घेईल, तीपण बाहेर ठेवील."

"ती तुला बाहेर ठेवील," मोना म्हणाली आणि कागदाची घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवली. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही.

विश्वजितला सयाजी फोनवर एवढंच म्हणाला, "सही मिळाली, पण देत न्हाय." पलीकडून पुण्यापर्यंत ऐकू जाईल अशी शिवी आली. ती पुण्यातूनच आली होती, पण पेठेची होती. मग विश्वजित हळू म्हणाला, "माझ्या आईलाबी कागद दिला असता तर तिनं अशीच सही केली असती." आणि फोन ठेवला.

झाडूवाला सयाजीनं त्याच दिवशी काढून टाकला. पृथ्वीराजचा बंद झालेला पॅच उघडला. मधल्या काळात आजूबाजूचं बरंच बदललं होतं, तो जसाच्या तसा बसत नव्हता. सयाजी ओळ ओळ वाचत गेला, पहिल्यांदाच असा वाचत. पोरानं एका नंबराच्या जागी यादी ठेवली होती. एका फोनचे निरोप संपले, की पुढचा फोन. पुढचा बंद असेल, तर त्याच्या पुढचा. एका ठिकाणी चूक होती. सगळे फोन बंद असतील तर निरोप गोल गोल फिरत राहायचा. ती त्यानं दुरुस्त केली. चाचण्या त्यानं स्वतः लिहिल्या, वेगळ्या, आपल्या नावानं. पॅच पृथ्वीराजच्या नावानंच ठेवला. लेखक म्हणून त्याचं नाव, तारीखही तीच, तो जिवंत असतानाची.

ज्या पानावर 'भावा, चाचण्या जोड की' लिहिलं होतं, त्याखाली त्यानं दोनदा काहीतरी लिहून पुसलं. शेवटी लिहिलं, 'चाचण्या मी जोडल्या. उशीर माझा झाला.' आणि आत घेतलं.

यादीत पहिला नंबर जोतिबाचा राहिला. दुसरा दुकानाचा. तिसरा क्रांतीनं पन्हाळ्याहून दिला. या वेळी सयाजीनं तिला रीतसर विचारलं, फोन कुणाचा, कुठं राहणार, कोण चार्ज करणार, नंबर जगाला दिसेल ते चालेल का. क्रांतीनं उत्तर दिलं, 'सगळ्याला हो. तुम्हाला विचारायला शिकवलं कुणी?'

ॲपच्या पहिल्या पानावर तळाशी 'सांभाळणारे' असा एक भाग होता, त्यात आजवर एकच नाव होतं. सयाजीनं तिथं क्रांतीचं नाव घातलं, आणि तिच्या वर आणखी एक. चिमणाबाई, जोतिबा. नावापुढं काम लिहायची जागा होती. तिथं त्यानं लिहिलं, 'फोन चालू ठेवणे', आणि जतन केलं.

मग स्वतःच्या फोनवरून एक निरोप पाठवला. चिखली. उत्तर आलं, रस्ता चालू. डोंगरावर टिंग वाजलं असणार, आणि फळीकडं कुणीतरी बघितलं असणार. सयाजीनं दुकानाचा फोन चार्जिंगला लावला आणि पिन पक्की बसली की नाही ते हात लावून बघितलं.